इन्डेम्निटी म्हणजे गॅरंटी नव्हे: नुकसान नक्की कोणाच्या खिशातून जातं?

(या भागातल्या बोलण्याचा मजकूर, वाचण्यासाठी थोडा नीटनेटका करून)

आजचा भाग खास त्यांच्यासाठी, जे नोकरीसोबत किंवा नोकरी सोडून फ्रीलान्सिंग करतात. वेबसाइट, ॲप, डिझाइन, व्हिडिओ एडिटिंग, काहीही. क्लायंट बारा-पंधरा पानांची पीडीएफ पाठवतो, आपण रक्कम आणि तारखा बघतो आणि सही करून परत पाठवतो. त्या पीडीएफमध्ये साधारण नवव्या-दहाव्या पानावर एक परिच्छेद असतो, त्याचं नाव इन्डेम्निटी. पुष्कळ जण त्याला गॅरंटीच समजतात. ‘काम नीट करून देईन याची हमी’, एवढाच त्याचा अर्थ असेल असं वाटतं. तसं नाहीये. त्या परिच्छेदामुळे १ लाख ८० हजारांच्या कामावर ३ लाख १० हजारांचं बिल कसं येऊ शकतं, ते आज आकड्यांसकट बघू.

एक सांगून ठेवतो. मी इंजिनियर आहे, वकील नाही. पण हा विषय भारतीय करार कायदा, १८७२ मधल्या मोजक्या कलमांवर उभा आहे आणि ती कलमं वाचायला फार अवघड नाहीत.

आधी शब्दांचा गोंधळ सोडवू. आपण रोजच्या बोलण्यात ‘गॅरंटी’ हा शब्द तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो.

पहिली, मिक्सरची गॅरंटी. दोन वर्षांत बिघडला तर दुरुस्त करून देऊ. आपल्या कामात याचा भाऊ म्हणजे ‘डिलिव्हरीनंतर ९० दिवस बग फुकट सोडवून देईन’. कॉन्ट्रॅक्टच्या भाषेत ही वॉरंटी. तुमच्याच कामाच्या दर्जाबद्दलचं वचन. ही आजच्या चर्चेतून बाजूला ठेवू.

दुसरी, जामीन. तुमच्या चुलतभावाने पतसंस्थेतून कर्ज काढलं आणि तुम्ही जामीनदार म्हणून सही केली. कायद्यातली खरी गॅरंटी ती ही. कलम १२६.

तिसरी, इन्डेम्निटी. हिचं आपल्याकडचं ओळखीचं रूप म्हणजे सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट हरवल्यावर स्टॅम्प पेपरवर लिहून द्यावा लागणारा इन्डेम्निटी बॉन्ड. त्याचा मतलब असा: ‘मला डुप्लिकेट द्या. उद्या कोणी मूळ सर्टिफिकेट घेऊन आला आणि त्यामुळे सोसायटीला भुर्दंड बसला, तर तो मी भरून देईन.’ कलम १२४.

आता या दोन्हींत माणसं किती आहेत ते मोजा. फरक तिथेच सापडतो.

जामिनाच्या गोष्टीत तीन जण आहेत: पतसंस्था, चुलतभाऊ आणि तुम्ही. कर्ज मुळात चुलतभावाचं. त्याने हप्ता चुकवला तरच तुमचा संबंध येतो. म्हणजे आधी कोणाचं तरी देणं असावं लागतं आणि तुम्ही त्याच्या मागे उभे असता.

इन्डेम्निटी बॉन्डच्या गोष्टीत दोघंच आहेत: सोसायटी आणि तुम्ही. पुढे उभा असलेला चुलतभाऊ इथे नाहीच. एक विशिष्ट प्रकारचं नुकसान झालं की ते थेट तुमचं. कलम १२४ चा गाभा असा: मी वचन देतो की माझ्या स्वतःच्या वागण्यामुळे किंवा दुसऱ्या कोणाच्याही वागण्यामुळे तुझं नुकसान झालं, तर त्यातून तुला वाचवीन. ‘दुसऱ्या कोणाच्याही’ हे शब्द लक्षात ठेवा, थोड्या वेळाने त्यांचा उपयोग होणार आहे.

आता एक केस घेऊ. केस बनवलेली आहे, पण असले प्रकार आपल्या धंद्यात होतात.

एक फ्रीलान्स डेव्हलपर आहे. नाशिकच्या एका छोट्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीसाठी ती मंगल कार्यालयं बुक करायची वेबसाइट बनवते. फी १,८०,००० रुपये. निम्मे सुरुवातीला, निम्मे डिलिव्हरीनंतर. साइटवर ती एक देखणा फॉन्ट वापरते. तो तिने विकत घेतलेला आहे, पण लायसन्स डेस्कटॉपचं. फॉन्टची फाइल सॉफ्टवेअरसारखी लायसन्सवर विकली जाते, आणि बऱ्याच फॉन्ट कंपन्यांकडे डेस्कटॉपचं लायसन्स वेगळं, वेबसाइटवर चढवायचं वेगळं. डेस्कटॉपच्या लायसन्समध्ये पोस्टर बनवता येतं, पण तीच फाइल सर्व्हरवर ठेवून हजारो लोकांच्या ब्राउझरला पाठवता येत नाही.

आठ महिन्यांनी फॉन्ट कंपनीची नोटीस येते. कोणाला? साइट ज्याच्या नावावर आहे त्याला, म्हणजे क्लायंटला. मागणी ४,००,००० रुपयांची. क्लायंट वकील लावतो, त्याचे ६०,००० होतात. बोलणी होऊन प्रकरण २,५०,००० वर मिटतं. म्हणजे क्लायंटच्या खिशातून एकूण ३,१०,००० गेले.

हे ३,१०,००० शेवटी कोणाचे? इथे कॉन्ट्रॅक्ट उघडावं लागतं.

समजा, कॉन्ट्रॅक्टमध्ये इन्डेम्निटीचा परिच्छेद नाहीच. तर क्लायंटला साध्या करारभंगाच्या रस्त्याने जावं लागतं, म्हणजे कलम ७३. त्याला दाखवावं लागेल की डेव्हलपरने कराराची अमुक अट मोडली, हे नुकसान त्यातून स्वाभाविकपणे झालं किंवा असं होऊ शकतं हे करार करतानाच दोघांना माहीत होतं. दूरचं, वळसा घालून आलेलं नुकसान मिळत नाही. शिवाय नुकसान कमी ठेवायला क्लायंटने स्वतः काय केलं, तेही बघितलं जातं. आणि बहुतेक सर्व्हिस कॉन्ट्रॅक्टमध्ये ‘लिमिटेशन ऑफ लायबिलिटी’ नावाची कमाल मर्यादा असते: डेव्हलपरची एकूण जबाबदारी तिला मिळालेल्या फीपेक्षा जास्त नाही. म्हणजे इथे जास्तीत जास्त १,८०,०००. पूर्ण फी गेली, वाईटच झालं, पण घरातले पैसे गेले नाहीत.

आता इन्डेम्निटी घाला. नेहमीचं वाक्य असं असतं: ‘सेवांमधून उद्भवणाऱ्या किंवा सेवांशी संबंधित कोणत्याही आणि सर्व दाव्यांपासून, नुकसानापासून आणि वकिलांच्या फीसह सर्व खर्चापासून डेव्हलपर क्लायंटला इन्डेम्निफाय, डिफेन्ड आणि होल्ड हार्मलेस करील.’ आता क्लायंटला एवढंच दाखवायचं आहे की दावा आला, तो सेवांशी संबंधित होता आणि एवढा खर्च झाला. अट मोडली का, हा वाद तेवढा महत्त्वाचा राहत नाही, कारण हे नुकसान भरून देण्याचंच वचन तिने दिलंय. वकिलाची फीसुद्धा त्यात आली.

आणि मर्यादेचं काय? खरी मेख इथे आहे. मर्यादेच्या कलमाच्या सुरुवातीला बऱ्याचदा तीन शब्द असतात: ‘इन्डेम्निटीची जबाबदारी वगळता’. हे तीन शब्द असले की १,८०,००० चं झाकण इन्डेम्निटीला लागू होत नाही. बिल पूर्ण ३,१०,००० चं. फी वजा केली तरी पदरचे १,३०,००० गेले, आणि आठ महिन्यांपूर्वीची मेहनत फुकट.

इथवर तुम्ही म्हणाल, लायसन्स तिनेच बघायला हवं होतं, मग तिने भरणं रास्तच आहे. मान्य. म्हणून केस थोडी बदलू. फॉन्ट डेव्हलपरने निवडलाच नव्हता. क्लायंटने आपल्या जुन्या डिझायनरकडून आलेलं ब्रँड किट पाठवलं आणि सांगितलं, ‘हाच फॉन्ट वापरा.’ तिने वापरला.

इन्डेम्निटी नसती तर तिच्याकडून करारभंग झाला असं म्हणणं क्लायंटला जड गेलं असतं. पण आता वाक्य पुन्हा वाचा: ‘सेवांशी संबंधित कोणत्याही दाव्यांपासून’. चूक कोणाची, याचा उल्लेखच नाही. आणि कलम १२४ मध्ये आपण पाहिलं की दुसऱ्या कोणाच्या वागण्यामुळे झालेलं नुकसानही इन्डेम्निटीत घेता येतं. क्लायंटचा वकील हेच वाक्य पुढे करणार. चूक तुमची होती, असं तिच्या वकिलाला सांगता येईल, पण ते सिद्ध करत बसायची वेळ तिच्यावर आली. ‘संबंधित’ या एका शब्दाने पारडं फिरलं.

आता पुढचा प्रश्न. क्लायंटने आधी खिशातून पैसे भरायला हवेत का? की नोटीस आल्याबरोबर तो डेव्हलपरला म्हणू शकतो, तू भर? कलम १२४ चे शब्द नुकसान ‘झालं’ तर असे वाटतात. या प्रश्नावर मुंबई हायकोर्टाचा १९४२ चा एक निकाल आहे, गजानन मोरेश्वर विरुद्ध मोरेश्वर मदन. न्यायमूर्ती होते एम. सी. छागला. गजानन मोरेश्वर यांच्याकडे मुंबई महापालिकेच्या जमिनीची लीज होती. त्यांनी ती दुसऱ्याला वापरू दिली, त्याने तिथे इमारत बांधायला घेतली आणि बांधकामाचा माल उधार आणला. उधारीसाठी मालमत्ता तारण ठेवली गेली, ती गजानन मोरेश्वर यांच्या नावावर. समोरच्याने त्यांना यातून मोकळं करायचं कबूल केलं आणि पाळलं नाही. दावा झाल्यावर बचाव असा होता की ‘तुम्ही अजून एक पैसाही भरलेला नाही, मग नुकसान कुठे झालं?’ कोर्टाने तो मानला नाही. जबाबदारी निश्चित झाली असेल, तर इन्डेम्निटी देणाऱ्याने ती निस्तरावी असं मागता येतं. आधी बुडायचं आणि मग भरपाई मागायची, अशी सक्ती नाही.

याचा आपल्यासाठी अर्थ: नुसती नोटीस आली म्हणजे जबाबदारी निश्चित झाली असं नाही. पण कोर्टाचा निकाल लागला किंवा तडजोडीची रक्कम ठरली, की क्लायंट पैसे भरण्याआधीही तुमच्याकडे येऊ शकतो. ‘आधी तू भर, पावती दाखव’ हे उत्तर पुरं पडणार नाही.

आता तडजोड. आपल्या केसमध्ये क्लायंटने २,५०,००० वर मिटवलं. त्याने घाईघाईत पूर्ण ४,००,००० देऊन टाकले असते तर? शेवटी पैसे दुसऱ्याचेच जाणार असतील तर घासाघीस कोण करतंय! यासाठी कलम १२५ आहे. त्यात इन्डेम्निटी घेणाऱ्याला तीन गोष्टी मिळतात: दाव्यात द्यावी लागलेली भरपाई, दाव्याचा खर्च आणि तडजोडीत दिलेली रक्कम. पण खर्च आणि तडजोडीला अट आहे. तो वचन देणाऱ्याच्या सूचनांविरुद्ध वागलेला नसावा, आणि इन्डेम्निटी नसती तर शहाण्या माणसाने जे केलं असतं तेच त्याने केलेलं असावं.

म्हणून क्लायंटचा ‘नोटीस आली आहे’ असा मेल आला की गप्प बसणं सगळ्यात महागात पडतं. त्याच दिवशी लेखी उत्तर द्यायचं: नोटिशीची प्रत पाठवा, मला विचारल्याशिवाय तडजोड करू नका, कुठलीही रक्कम किंवा चूक कबूल करू नका, वकिलाच्या फीचा अंदाज आधी कळवा. ही झाली तुमची सूचना. ती न पाळता क्लायंटने पैसे दिले तर तुम्हाला कलम १२५ चा आधार घेता येतो. सूचनाच दिली नसेल, तर कशाच्या विरुद्ध गेला म्हणणार?

आता त्याच कॉन्ट्रॅक्टमध्ये गॅरंटी कुठे येते ते बघू. म्हणजे दोन्ही शेजारी ठेवता येतील.

डेव्हलपरचे डिलिव्हरीनंतरचे ९०,००० यायचे आहेत. क्लायंट प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. कंपनीच्या खात्यात दमडी नसेल, तर डायरेक्टरची गाडी कितीही मोठी असू दे, कंपनीचं देणं सहसा त्याच्या खिशातून वसूल होत नाही. म्हणून तिने अट घातली: डायरेक्टरने वैयक्तिक गॅरंटी द्यावी. आता तीन जण झाले. डेव्हलपर धनको, कंपनी मूळ ऋणको, डायरेक्टर जामीनदार.

कंपनीने पैसे बुडवले. डेव्हलपरला आधी कंपनीवर केस करून, हरवून, मग डायरेक्टरकडे जायला हवं का? नाही. कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोएवढीच असते, करारात वेगळं ठरलं नसेल तर. कंपनीने चुकवलं की ती सरळ डायरेक्टरकडे जाऊ शकते. चुलतभावाने हप्ते थांबवल्यावर बँकेचा फोन जामीनदाराला येतो, तो याच कारणाने.

पण डायरेक्टरने ९०,००० भरल्यावर काय होतं? तो डेव्हलपरच्या जागी येतो आणि कंपनीकडून तेवढे वसूल करू शकतो. कलम १४० आणि १४५. देणं मुळात कंपनीचं होतं, म्हणून कायदा ते शेवटी तिच्याच दारात नेऊन ठेवतो. कंपनीकडे पैसेच नसतील तर हा हक्क कागदावर राहतो, ती गोष्ट निराळी.

उलट बघा, डेव्हलपरने इन्डेम्निटीखाली ३,१०,००० भरले. ती कोणाकडे वसुलीला जाणार? तिच्या पुढे कोणी उभाच नव्हता. तिने फॉन्टचं काम एखाद्या डिझायनरला दिलं असतं आणि त्याच्याकडून तशीच इन्डेम्निटी लिहून घेतली असती तर तिला मागे वळायला जागा होती. नाहीतर नुकसान तिच्यापाशीच थांबतं. दोन्हींतला हा फरक एका वाक्यात सांगायचा तर, गॅरंटी देणारा दुसऱ्याचं देणं भरतो आणि ते मागू शकतो, इन्डेम्निटी देणारा स्वतःचंच देणं भरतो.

गॅरंटी घेणाऱ्यांसाठी एक खड्डा सांगतो. कामाच्या मध्येच कंपनी म्हणते, ॲपही करा, अजून ७०,००० देऊ. डेव्हलपर आणि कंपनी आपसात अटी बदलतात, डायरेक्टरला जामीनदार म्हणून कोणी विचारत नाही. कलम १३३ म्हणतं, जामीनदाराच्या संमतीशिवाय मूळ करार बदलला तर त्या बदलानंतरच्या व्यवहारांतून तो मोकळा होतो. तुम्ही म्हणाल, कंपनीतर्फे सही त्यानेच केली ना? केली, पण डायरेक्टर म्हणून. वाद नको असेल तर प्रत्येक बदलाच्या कागदावर त्याची दुसरी सही घ्यायची, जामीनदार म्हणून. आणि गॅरंटी तोंडी चालते असं कलम १२६ म्हणतं खरं, पण तोंडी सिद्ध करणं किती अवघड हे सांगायला नको.

आता सही करण्याआधी काय बघायचं. पीडीएफमध्ये शोधा: `indemn`. अर्धा शब्दच टाका, म्हणजे त्याची सगळी रूपं सापडतील. मग `hold harmless`, आणि मग `limitation of liability`. सापडलेल्या परिच्छेदांत तीनच जागा तपासा.

पहिली जागा, नुकसान कशामुळे. ‘सेवांशी संबंधित’ असं असेल तर ‘डेव्हलपरच्या चुकीमुळे जेवढं झालं तेवढ्यापुरतं’ असं बदलून मागा. सोबत एक ओळ घाला: क्लायंटने दिलेला मजकूर, फोटो, फॉन्ट आणि लोगो यांच्यावरून दावा आला, तर क्लायंट डेव्हलपरला इन्डेम्निफाय करील. इन्डेम्निटी दोन्ही बाजूंनी असू शकते.

दुसरी जागा, झाकण. ‘इन्डेम्निटी वगळता’ हे शब्द काढायला सांगा. क्लायंट अगदीच ऐकत नसेल तर वेगळा आकडा मागा, उदाहरणार्थ फीच्या दुप्पट. आपल्या केसमध्ये तो ३,६०,००० होतो, म्हणजे इथे तिची सुटका झाली नसती. पण अमर्याद आणि ३,६०,००० यांत फरक आहे. काम घ्यायचं की नाही, हे निदान आकडा बघून ठरवता येतं.

तिसरी जागा, दावा कोण लढणार. ‘डिफेन्ड’ हा शब्द असेल तर वकील लावायची जबाबदारी तुमची, मग वकील निवडायचा हक्कही मागा. आणि दोन अटी घाला: नोटीस आल्यापासून ठरावीक दिवसांत कळवायचं, लेखी संमतीशिवाय तडजोड नाही.

मोठा क्लायंट बऱ्याचदा म्हणतो, आमचा फॉरमॅट ठरलेला आहे, बदलत नाही. तेव्हा तीनही जागा मागण्यापेक्षा एकच मागा, झाकण. कारण बाकी दोन हुकल्या तरी बुडायची खोली तीच ठरवते. प्रोफेशनल इन्डेम्निटी नावाची विमा पॉलिसीही मिळते, पण तिच्यात करारातून स्वतःहून ओढवून घेतलेली जादा जबाबदारी बऱ्याचदा वगळलेली असते. म्हणून ‘विमा आहे, करू सही’ असं म्हणण्याआधी पॉलिसीतली वगळलेल्या गोष्टींची यादी आणि कॉन्ट्रॅक्टमधला हा परिच्छेद शेजारी ठेवून वाचा.

आज एवढंच. तुमच्या फोनमध्ये सही केलेलं एखादं चालू कॉन्ट्रॅक्ट असेलच. ते उघडा, `indemn` शोधा आणि झाकण आहे की नाही ते बघा. भेटू पुढच्या भागात.